संत्र्याचं स्क्वॅश: ‘लिटरला वीस ग्रॅम’ म्हणजे नेमकं कुठल्या लिटरला?

वरूडची_सून

नमस्कार मंडळी. घरच्या बागेतला मृगबहार उतरतोय, म्हणून यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर संत्र्याचं स्क्वॅशही ठेवायचं ठरवलंय. साठेक बायका येतात. आधी एक घाणा करून पाहिला आणि तिथेच अडकले आहे.

सासूबाईंच्या वहीत लिहिलंय: रस १ लिटर, पाणी १ लिटर, साखर पावणेदोन किलो, लिंबूफूल लिटरला २० ग्रॅम. मी रस, पाणी, साखर बरोबर मोजून घेतली. सगळं मिळून तीन लिटरच्या जरा वर भरलं. म्हणून लिंबूफूल तीन विसे साठ ग्रॅम टाकलं.

आता सरबत काही केल्या जमत नाही. एक भाग स्क्वॅश, तीन भाग पाणी घेतलं तर दात आंबतात. पाच भाग पाणी घातलं की आंबटपणा बसतो, पण मग पाणचट लागतं आणि संत्र्याचा वासच येत नाही. जावेने एका प्रशिक्षण वर्गात उतरवून घेतलेल्या कागदावर ‘१ लिटर स्क्वॅशला लिंबूफूल १० ग्रॅम’ असं आहे. वीस खरं की दहा? आणि पाणी तिप्पट घालायचं की चौपट? चार बाटल्या भरून ठेवल्यात, त्या वाया जाऊ नयेत एवढंच.

पोळपाट

ताई, थोडी पिठीसाखर घालून बघा ना सरबतात. प्रश्न मिटला.

वरूडची_सून

पेल्यात घालून पाहिली. गोडी येते, वास येत नाही.

जुनी_बरणी

माझ्या मते लिंबूफूल हवंच कशाला? दोन-चार लिंबं पिळायची. आमची आई कधीच असलं काही टाकत नसे आणि तिच्या बाटल्या वर्षभर टिकायच्या. साखर हीच सगळ्यात मोठी टिकवणारी वस्तू आहे.

मोजमाप

सूनबाई, तुमच्या घरातले दोन्ही कागद बरोबर आहेत. दोघांचा लिटर वेगळा आहे, एवढाच घोळ.

सासूबाईंच्या वहीतला लिटर हा रसाचा लिटर. जुन्या पाककृती सगळ्या रसावर बेतलेल्या असत, कारण बाई आधी फळं पिळायची, रस किती निघाला ते बघायची आणि त्यावर बाकीचं ठरवायची. म्हणजे एक लिटर रस घेतला की लिंबूफूल वीस ग्रॅम, संपलं. जावेच्या कागदावरचा लिटर हा तयार स्क्वॅशचा, बाटलीत भरलेला. तुम्ही वहीतला आकडा घेतला आणि कागदावरच्या लिटरने गुणलात.

आता तुमचाच घाणा पाहू. एक लिटर रस, एक लिटर पाणी, पावणेदोन किलो साखर. वजन होतं ३ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास. पण साखर विरघळली की किलोमागे साधारण ६०० मिलीच जागा घेते, म्हणून आकारमान ३.१ लिटरच भरतं. तुम्हाला ‘तीनच्या जरा वर’ मिळालं, म्हणजे तुमचं मोजमाप चोख आहे. त्यात साखर, रसातली धरून, वजनाच्या ४८ टक्के झाली. रस वजनाने २७ टक्के. दोन्ही अगदी जागच्या जागी.

बिघडलं फक्त आम्ल. साठ ग्रॅम तुमचं, आणि रसातलं पाच-सहा ग्रॅम. म्हणजे सुमारे १.७ टक्के. स्क्वॅशला एक ते सव्वा टक्का पुष्कळ होतो.

तिप्पट पाणी घातल्यावर पेल्यात साखर १४ टक्के आणि आम्ल अर्धा टक्का राहतं. जिभेला आम्ल ०.३ टक्क्याच्या आसपास बरं वाटतं, म्हणून दात आंबले. पाचपट पाण्यात आम्ल बरोबर ०.३३ वर आलं, पण साखर साडेनऊवर उतरली आणि रस उरला जेमतेम साडेपाच टक्के. वास कुठून यायचा? पाण्याने सगळंच एकदम पातळ होतं. एकटं आम्ल पातळ करणारं पाणी मिळत नाही. त्यामुळे स्क्वॅशमध्ये साखर आणि आम्ल यांचं नातं बाटलीतच बसवावं लागतं, पेल्यात नाही.

वरूडची_सून

काका, एवढं स्वच्छ कुणीच सांगितलं नव्हतं. चार बाटल्यांचं आता काय करू?

मोजमाप

वाया काही जात नाही. तेवढाच दुसरा घाणा करा. एक लिटर रस, एक लिटर पाणी, पावणेदोन किलो साखर, आणि लिंबूफूल अजिबात नाही. मग दोन्ही घाणे मोठ्या स्टीलच्या पातेल्यात एकत्र करा. सहा-सव्वासहा लिटर स्क्वॅशमध्ये साठ ग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण दहा. जावेच्या कागदाशी जुळलं.

फक्त पहिल्या बाटल्या मिसळण्याआधी एकेक उघडून वास घ्या आणि चाखा. एखादी बिघडली असेल तर ती सगळा घाणा घेऊन जाईल.

गावरान_नागपूरकर

अजी काका, वीस ग्रॅमवाली वही चूक काऊन म्हणता? आमच्या घरी रसाच्या लिटरला वीसच टाकतात, अन् पाहुणे दुसरा पेला मागतात.

मोजमाप

चूक म्हटलेलंच नाही, भाऊ. रसाच्या लिटरला वीस म्हणजे तयार स्क्वॅशच्या लिटरला साडेसहा. दहापेक्षा ते गोडाकडे झुकतं. मृगबहाराची फळं आंबटगोड असली तर वीस पुरतं, फळ फारच गोड असलं तर तीसपर्यंत जावं लागतं. मी तीसच्या बाजूचा. तुम्ही वीसच्या बाजूचे राहा.

गावरान_नागपूरकर

मग वीसच. विदर्भाचं उन्ह आहे, गोडच चालते.

तळकोकण

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण बाटलीचाच आहे. गेल्या मे महिन्यात कोकमाचं स्क्वॅश केलं. कुणीतरी सांगितलं की टिकायला केएमएस घाला. घातलं. दोन दिवसांत तो लालभडक रंग उतरून फिकट गुलाबी झाला. चव तीच, पण बघून कुणी पीत नाही. कोकम जुनं होतं का?

पोळपाट

कोकणात कोकमाचं स्क्वॅश करतात? आगळ आणि अमृत कोकम ऐकलंय.

तळकोकण

अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं. मी रस काढून, पाक करून, मोजून केलं होतं. नाव काहीही द्या, रंग गेला हे खरं.

मोजमाप

कोकम जुनं नव्हतं. केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, रसात गेलं की त्यातून गंधकाचा वायू सुटतो. तोच टिकवण्याचं काम करतो आणि तोच तांबडा-जांभळा रंग घालवतो. संत्रं, लिंबू, अननस, आंबा यांचा पिवळा-केशरी रंग त्याला दाद देत नाही, म्हणून तिथे केएमएस चालतं. कोकम, जांभूळ, फालसा, करवंद यांना सोडियम बेंझोएट वापरायचं, किलोला ०.७ ग्रॅमपर्यंत.

जुनी_बरणी

परत तेच. गंधक काय, बेंझोएट काय. पावणेदोन किलो साखर घातल्यावर आणखी औषध कशाला? मुरंब्यात कोण काय घालतं?

मोजमाप

ताई, मुरंब्याबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. तिथे साखर ६५-७० टक्के असते, जंतूंना पाणीच मिळत नाही. स्क्वॅशमध्ये ती ४५-४८. एवढ्या साखरेत यीस्ट सुखाने राहतं. म्हणून स्क्वॅश एकट्या साखरेवर टिकत नाही. त्याला आम्ल लागतं आणि वर केएमएस नाहीतर फ्रीज लागतो. तुमच्या आई नेमकं काय करायच्या? रस कच्चाच घालायच्या का?

जुनी_बरणी

लिंबाचा रस आणि दुप्पट साखर काचेच्या बरणीत घालून, वर दादरा बांधून, पंधरा दिवस उन्हात ठेवायची. साखर सगळी विरघळली की बाटल्या भरायची. पाण्याचा थेंब नसे त्यात.

मोजमाप

मग ते स्क्वॅश नव्हतं, ताई. पाणी नाही आणि साखर रसाच्या दुप्पट, म्हणजे ६५ टक्क्यांच्या वरच. शिवाय लिंबाचं आम्ल. ते टिकणारच. त्यात जर कुणी निम्मं पाणी घालून वर्षभर माळ्यावर ठेवलं असतं तर बाटल्या बोलल्या असत्या.

जुनी_बरणी

हं. हे पटलं. पण संत्र्यात लिंबू पिळायचं माझं म्हणणं अजून उभं आहे.

मोजमाप

पिळा ना. फक्त दोन-चार पुरणार नाहीत. दहा ग्रॅम लिंबूफुलाच्या जागी लिंबाचा रस पावणेदोनशे मिलीच्या आसपास लागतो. कागदी लिंबं दहा तरी झाली, तीही एका लिटर स्क्वॅशला. मग संत्र्यापेक्षा लिंबूच पुढे येतं. चव छान लागते, पण ते लिंबू-संत्रं झालं.

रविवारचा_स्वयंपाकी

बाटल्या बोलल्या यावरून आठवलं. मागच्या वर्षी मी अननसाचं केलं होतं. घरात सगळे म्हणतात साखर कमी करा, म्हणून पाककृतीतली पावणेदोन किलो होती ती एक किलो केली. बाकी सगळं तेच. केएमएस घातलं नाही, बाटल्या स्वयंपाकघरातल्या कप्प्यात. बाराव्या दिवशी रात्री दोन वाजता एवढा मोठा आवाज झाला की बायको चोर आला म्हणून उठली. कप्पा उघडला तर एक बाटली फुटलेली, दुसरीचं झाकण टोपीसारखं फुगलेलं, आणि ताडीसारखा वास.

त्यानंतर मी नीट बघायला शिकलो. आंबायला लागलं की सगळ्यात आधी बाटलीच्या मानेशी बारीक बुडबुड्यांचं कडं दिसतं. हलवली की ते वर येतं. मग झाकण फिरवताना फुस्स होतं. गर एकदम वर तरंगायला लागतो आणि खाली स्वच्छ पाण्यासारखं दिसतं, पण नुसता गर वेगळा होणं म्हणजे बिघडणं नव्हे, तो न बिघडलेल्या बाटलीतही वेगळा होतो. बुडबुडे आणि फुस्स हे खरे.

वरूडची_सून

बाप रे. माझ्या बाटल्या आत्ताच पाहिल्या. गर वर आलाय पण बुडबुडे नाहीत, झाकणं सपाट आहेत. केएमएस मी घातलेलं नाही. फ्रीजमध्येच आहेत.

मोजमाप

फ्रीजमध्ये असतील तर महिना-दीड महिना अडचण नाही. हळदीकुंकू त्यातच बसतं. बाहेर ठेवायच्या असतील तर केएमएस घाला, आणि ते चिमटीने कधीच घालू नका. कायद्याने स्क्वॅशमध्ये त्या गंधक वायूचं प्रमाण दशलक्षात ३५० भागांपर्यंतच चालतं. केएमएसच्या वजनाच्या साधारण निम्मा वायू मिळतो. म्हणून लिटरला ०.६ ग्रॅम घेतलं तर मर्यादेच्या आत राहतो आणि कामही होतं.

आता ०.६ ग्रॅम घरच्या काट्यावर दिसत नाही. म्हणून सहा ग्रॅम केएमएस उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून बरोबर शंभर मिली करा. त्यातलं दहा मिली एका लिटर स्क्वॅशला. औषधाच्या बाटलीबरोबर येतं ते टोपण घ्या, त्यावर खुणा असतात. उरलेलं पाणी ओतून द्या, ठेवून त्याचा जोर जातो.

आणि घालायचं ते पाक पूर्ण गार झाल्यावर. गरम पाकात घातलं तर वायू तिथेच उडतो. नाकाला झणझणलं की समजा, पैसे हवेत गेले. ॲल्युमिनियमचं भांडं, पत्र्याचं उघडं झाकण नको. आणि घरात दमेकरी असेल तर केएमएसचं स्क्वॅश त्याला देऊ नका. काहींना त्याने लगेच धाप लागते.

पथ्यपाणी

माझ्या यजमानांना मधुमेह आहे. मधुमेहींसाठी साखरेशिवाय स्क्वॅशचं प्रमाण कुणी देईल का? लिटरला गोडीची किती पावडर घालायची?

रविवारचा_स्वयंपाकी

ताई, मी साखर कमी करून काय झालं ते वर लिहिलंय :)

पथ्यपाणी

ते वाचलं, पण मला पूर्णच काढायची आहे.

मोजमाप

पूर्ण काढली तर तो नुसता रस झाला, आणि रस बाटलीत ठेवण्याची रीत निराळी आहे. यजमानांना ताजं संत्रंच सोलून द्या. आमच्या हिशेबाच्या स्क्वॅशचा २०० मिलीचा पेला घेतला तर त्यात ५० मिली स्क्वॅश असतं आणि साखर २८-२९ ग्रॅम. चहाचे पाच-सहा चमचे झाले. मधुमेह्याला ‘थोडंसं घ्या’ म्हणून आग्रह करू नये असं हे पेय आहे.

पथ्यपाणी

पाच-सहा चमचे? हे माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं.

लेस्टरहून

इथे इंग्लंडमध्ये स्क्वॅश रोजच्या वापरातलं आहे, दुकानात अख्खी रांग असते. साध्या बाटलीवर एकास चार लिहिलेलं असतं आणि ‘डबल’ प्रकारावर एकास नऊ. मी पहिल्या महिन्यात डबलचं सरबत एकास चार करून सासरच्यांना दिलं होतं. सगळ्यांनी एकेक घोट घेऊन पेले खाली ठेवले. म्हणून पाणी किती हा प्रश्न बाटली न बघता सुटत नाही असं मला वाटतं.

पोळपाट

पण ताईंच्या घरच्या स्क्वॅशला किती? तीन की चार? मूळ प्रश्न तोच होता ना.

मोजमाप

बर्फ न घालता, माठातल्या पाण्यात करणार असाल तर चार. पेल्यात साखर ११ टक्क्यांच्या जवळ येते, ती बरी लागते. बर्फ घालणार असाल तर तीन. पितापिता बर्फ वितळून ते आपोआप चाराकडे जातं, आणि थंड पेयात गोडीही कमी जाणवते.

साठ बायकांचा हिशेब: २०० मिलीचे साठ पेले म्हणजे बारा लिटर सरबत. एकास तीनने स्क्वॅश तीन लिटर लागेल, पाणी नऊ लिटर. ७५० मिलीच्या चार बाटल्या. काही जणी दुसरा पेला मागतील, म्हणून पाच धरा.

गावरान_नागपूरकर

साठ बाया म्हटल्या की लेकरं धरून नव्वद येतात. सात धरा.

जुनी_बरणी

चैत्रगौरीला कैरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ हाच मान. संत्र्याचं ठेवा, पण पन्हं आधी द्या हो.

वरूडची_सून

काकू, पन्हं आधीच देणार. गौरीपुढेही पन्ह्याचीच वाटी.

---

वरूडची_सून

आठ दिवसांनी परत येते आहे. एक बरी बातमी, एक वाईट.

बरी अशी की दुसरा घाणा बिनआम्लाचा केला, दोन्ही मिसळले. तिप्पट पाण्यात बर्फ घालून सगळ्यांना दिलं. सासूबाई म्हणाल्या, ‘आता वहीसारखं झालं.’ काकांचा हिशेब तंतोतंत उतरला.

वाईट अशी की केलं त्या दिवशी छान होतं, पण चौथ्या दिवसापासून मागे कडू चव रेंगाळते. पिताना नाही, गिळल्यावर घशात. पहिल्या घाण्याला असं नव्हतं. फरक एवढाच की पहिल्या वेळी संत्री सोलून, फोडी हाताने पुरणयंत्रातून काढल्या होत्या. दुसऱ्या वेळी घाईत फोडी सोलून सरळ मिक्सरमधून फिरवल्या.

पोळपाट

मोसंबीचा रस दुपारपर्यंत ठेवला की कडू होतो, तसंच का?

मोजमाप

तसंच, पोळपाट. बरोबर धरलंत. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. पण रसाच्या आम्लात ते आलं की काही तासांनी, कधी दिवसांनी, त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन अतिशय कडू. म्हणून ताजा रस पिताना काही कळत नाही. मिक्सरच्या पात्याने बिया चिरडल्या गेल्या, पापुद्रा बारीक होऊन रसात गेला. पुरणयंत्रात बिया अख्ख्या वर राहतात.

रस उकळला तर हे आणखी भराभर होतं. म्हणूनच पाक वेगळा करायचा: पाणी, साखर, लिंबूफूल एकत्र तापवायचं, साखर विरघळून एक उकळी आली की उतरवायचं, फडक्यातून गाळायचं, पूर्ण गार करायचं, आणि मग त्यात कच्चा, गाळलेला रस मिसळायचा. लिंबूफूल गरम पाकात घातलं की मळी वर येते आणि गाळून निघते, तेवढ्यासाठी ते आधी.

वरूडची_सून

पाक मी वेगळाच केला होता. रस तापवला नव्हता. म्हणजे मिक्सरच.

गावरान_नागपूरकर

मला नाही पटत. आमच्याकडे मिक्सरमधूनच काढतात, बिया काढून. कडूपण फळाचं असते. झाडावर पुरतं न पिकलेलं फळ तोडलं की कितीही सांभाळून काढा, कडू होतेच. अन् जंबेरीच्या खुंटावरचं अन् रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं यातही फरक पडते म्हणतात.

मोजमाप

पक्वतेचं तुमचं खरं आहे. फळ पिकत जातं तसं ते द्रव्य कमी होत जातं. खुंटाचं म्हणाल तर मी दोन्ही प्रकारच्या बागांतला माल वापरलाय, पण शेजारी ठेवून मोजलेलं नाही, त्यामुळे त्यावर भांडणार नाही. बिया काढून मिक्सर चालवला तरी पापुद्रा राहतोच, एवढं मात्र म्हणेन.

तळकोकण

कडू झालेलं सुधारतं का काही करून?

मोजमाप

गेलेलं कडूपण घरी काढता येत नाही. झाकता येतं. सरबत करताना चिमूटभर मीठ आणि जरा भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की जिभेला ते कमी जाणवतं. पण हळदीकुंकवाला नवं करायला वेळ असेल तर नवंच करा.

जुनी_बरणी

जिरं घातलं की संत्रं राहिलं कुठे?

रविवारचा_स्वयंपाकी

काका, एक विचारायचं राहिलं. साखर ४५ टक्के झाली की नाही हे कळायला मी ऑनलाइन साखरमापक घेतला. छोटी दुर्बिणीसारखी नळी. त्यात आकडे ३२ पर्यंतच आहेत. स्क्वॅश ठेवलं की सगळा पडदा पांढरा. यंत्र खराब आलं का?

मोजमाप

यंत्र ठीक आहे, रसासाठी आहे. काट्यावर ५० ग्रॅम स्क्वॅश घ्या, त्यात ५० ग्रॅम पाणी घाला, नीट ढवळा, आणि तो थेंब ठेवा. जो आकडा येईल त्याची दुप्पट करा. साडेबावीस आले तर तुमचं स्क्वॅश ४५ चं. मोजायचं वजनाने, मिलीने नाही, कारण लिटरभर स्क्वॅशचं वजन बाराशे ग्रॅम असतं.

हीच गोष्ट विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. १९५५ सालच्या फळ उत्पादन आदेशापासून स्क्वॅशला किमान २५ टक्के रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक लागतात, आणि ते टक्के वजनाचे आहेत. लिटरमध्ये २५० मिली रस घालून कुणी ‘पंचवीस टक्के’ लिहीत असेल तर ते २१-२२ टक्केच होतं. तीनशे मिली घ्या, म्हणजे निर्धास्त.

पोळपाट

म्हणजे सूनबाईंच्या वहीत लिटरला किती रस पडतो?

मोजमाप

एक लिटर रसाचं ३.१ लिटर स्क्वॅश. म्हणजे लिटरला सव्वातीनशे मिलीच्या जवळ. वहीवाल्या बाईंनी हे सगळं जिभेने बसवलं होतं.

वरूडची_सून

काल रात्री नवीन घाणा केला. सहा किलो संत्री घेतली, सगळी झाडावर पूर्ण रंग आलेली. सासूबाई, जाऊ आणि मी, तिघींनी फोडी सोलून बिया काढल्या, पुरणयंत्रातून रस काढला. अडीच लिटर निघाला. वहीप्रमाणे साखर चार किलो तीनशे पंचाहत्तर ग्रॅम, पाणी अडीच लिटर. लिंबूफुलावर वाद झाला. सासूबाई म्हणाल्या पन्नास, जाऊ म्हणाली पंच्याहत्तर. शेवटी पासष्ट टाकलं. भरलं पावणेआठ लिटर, दहा बाटल्या. बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवून, वाळवून, वर दोन बोटं जागा सोडून भरल्या. हळदीकुंकवाच्या सात फ्रीजमध्ये गेल्या. तीन बाटल्यांत केएमएसचं पाणी घातलं, साडेसात मिली एकेका बाटलीला, आणि त्या बाहेर कपाटात ठेवल्यात. त्या पावसाळ्यात उघडेन.

कडू झालेल्या आठ बाटल्यांतल्या दोन संपल्या, मीठ-जिरं घालून. शेतावर कामाला येणाऱ्या बायकांना ते जास्त आवडलं.

गावरान_नागपूरकर

पासष्ट म्हणजे रसाच्या लिटरला सव्वीस. काकाच्या बाजूला सरकल्या म्हणायचं तुम्ही. पावसाळ्यात बाटली उघडली की चौथ्या दिवसाचं नाही, चौथ्या महिन्याचं कडूपण सांगा. मग पाहू मिक्सर की फळ.

वरूडची_सून

नक्की सांगते, दादा. बाटल्यांवर तारीख, किती ग्रॅम आणि कुठल्या झाडांची फळं ते लिहून चिकटवलंय. आणि सासूबाईंच्या वहीत त्यांच्या परवानगीने एकच शब्द वाढवलाय: ‘लिंबूफूल रसाच्या लिटरला २० ग्रॅम.’